एक्सॉर गेटचा क्लॉक डबलर: वेग दुप्पट होतो, पण ठेका का बिघडतो?

८ मेगाहर्ट्झचं क्लॉक आहे आणि हवं आहे १६ मेगाहर्ट्झचं. इलेक्ट्रॉनिक्स शिकणाऱ्यांना यासाठी एक स्वस्त युक्ती हमखास सांगितली जाते. क्लॉकची थोडी उशिरा येणारी नक्कल तयार करायची आणि मूळ क्लॉक व नक्कल एका एक्सॉर गेटला द्यायची, की आउटपुटला वेग दुप्पट मिळतो. मोजून पाहिलं तर फ्रिक्वेन्सी मीटरही १६ मेगाहर्ट्झच दाखवतो. तरीही त्यावर चालणारी चिप मधूनच अडखळते. असं का होतं, हे समजून घेऊ.

आधी जिन्यातला दिवा बघू

जिन्यातल्या दिव्याला दोन बटणं असतात, एक खाली आणि एक वर. वायरिंग अशी आहे असं समजा, की दोन्ही बटणं एकाच स्थितीत असली तर दिवा बंद आणि वेगवेगळ्या स्थितीत असली तर चालू. एक्सॉर गेट नेमकं हेच करतं. दोन्ही इनपुट सारखे असतील तर आउटपुट ० आणि वेगळे असतील तर १.

आता खाली एक मुलगा ठरावीक वेळाने बटण वर-खाली करतोय. वर उभी असलेली त्याची बहीण त्याची नक्कल करतेय, पण प्रत्येक वेळी एक सेकंद उशिरा. भावाने बटण दाबलं की दोन्ही बटणांची स्थिती वेगळी होते आणि दिवा लागतो. सेकंदाने बहीण बटण दाबते आणि दिवा विझतो. भावाने बटण वर केलं तरी एकदा दिवा लागतो आणि खाली केलं तरी एकदा लागतो. म्हणजे त्याच्या एका पूर्ण वर-खाली फेरीत दिवा दोनदा लागतो. क्लॉक डबलरची युक्ती एवढीच आहे.

यातल्या दोन गोष्टी लक्षात ठेवा. दिवा किती वेळ जळणार, हे फक्त बहिणीच्या उशिरावर ठरतं. दिवा कधी लागणार, हे मात्र भाऊ बटण कधी वर आणि कधी खाली करतो यावर ठरतं.

प्रत्यक्ष सर्किट

बाजारात 74HC86 ही चिप मिळते. तिच्यात चार एक्सॉर गेट असतात. उशीर करण्यासाठी 74HC04 ही सहा इन्व्हर्टरची चिप घेऊ. ५ व्होल्टवर तिचा एक इन्व्हर्टर सिग्नल पुढे द्यायला साधारण ८ नॅनोसेकंद घेतो. चार इन्व्हर्टर एकापुढे एक जोडले की सुमारे ३२ नॅनोसेकंदांचा उशीर मिळतो. चार ही सम संख्या असल्यामुळे सिग्नल उलटा होत नाही, फक्त उशिरा येतो.

८ मेगाहर्ट्झच्या क्लॉकची एक फेरी १२५ नॅनोसेकंदांची असते. क्लॉक अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली असेल, तर दर ६२.५ नॅनोसेकंदांनी एक बदल होतो. प्रत्येक बदलाला आउटपुटवर ३२ नॅनोसेकंदांचा एक पल्स येतो. म्हणजे आउटपुटची फेरी ६२.५ नॅनोसेकंदांची, अर्थात १६ मेगाहर्ट्झ. त्या फेरीत आउटपुट ३२ नॅनोसेकंद वर असतं, म्हणजे ५१.२ टक्के वेळ. या प्रमाणालाच ड्यूटी सायकल म्हणतात. इथपर्यंत सगळं छान दिसतं.

पहिली अट: इनपुटची फ्रिक्वेन्सी

पल्सची रुंदी ३२ नॅनोसेकंदांवर पक्की आहे, पण फेरीची लांबी इनपुटवर अवलंबून आहे. म्हणून हिशेब असा होतो:

आउटपुटची ड्यूटी सायकल = २ × उशीर ÷ इनपुटची फेरी

हेच सर्किट वेगवेगळ्या क्लॉकला जोडलं तर काय होतं, ते बघा:

- ४ मेगाहर्ट्झ: २५.६ टक्के
- ८ मेगाहर्ट्झ: ५१.२ टक्के
- १२ मेगाहर्ट्झ: ७६.८ टक्के
- १६ मेगाहर्ट्झ: हिशेबाने १०२.४ टक्के

१०० टक्क्यांच्या वरचा आकडा शक्य नाही. त्याचा अर्थ इतकाच, की एक पल्स संपायच्या आत पुढचा बदल येतो आणि आउटपुट जवळपास सतत वरच राहतं. दिव्याच्या भाषेत, बहिणीने पहिली नक्कल करायच्या आधीच भाऊ पुन्हा बटण दाबतोय.

म्हणून ५० टक्के ड्यूटी हवी असेल तर उशीर इनपुटच्या फेरीच्या बरोबर पाव भाग असावा लागतो, आणि तो एकाच फ्रिक्वेन्सीला जुळतो. त्यातही इन्व्हर्टरचा उशीर व्होल्टेज आणि तापमानाप्रमाणे बदलतो. व्होल्टेज कमी झालं की तो वाढतो. ३२ चे ४० नॅनोसेकंद झाले, तर ८ मेगाहर्ट्झलाच ड्यूटी ६४ टक्क्यांवर जाते.

दुसरी अट: इनपुटची ड्यूटी सायकल

खरी गोम इथे आहे. वरचा सगळा हिशेब इनपुट अर्धा वेळ वर आणि अर्धा वेळ खाली आहे, असं धरून केला होता. प्रत्यक्षात क्लॉक देणाऱ्या बऱ्याच ऑसिलेटरच्या माहितीपत्रकात ४५ ते ५५ टक्के किंवा ४० ते ६० टक्के अशी सूट दिलेली असते.

आपला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर ४० टक्क्यांचा आहे असं धरू. तो ५० नॅनोसेकंद वर आणि ७५ नॅनोसेकंद खाली असतो. आता बदल ०, ५०, १२५, १७५, २५० नॅनोसेकंदांवर होतात आणि प्रत्येक बदलाला तोच ३२ नॅनोसेकंदांचा पल्स येतो.

- पहिली फेरी ५० नॅनोसेकंदांची. ड्यूटी सायकल ६४ टक्के.
- दुसरी फेरी ७५ नॅनोसेकंदांची. ड्यूटी सायकल सुमारे ४३ टक्के.
- तिसरी पुन्हा ५० ची, चौथी पुन्हा ७५ ची.

आउटपुट लंगडत चालतं, एक पाऊल आखूड आणि एक लांब. म्हणजे इनपुटमधली ड्यूटीची चूक आउटपुटमध्ये फेरीच्या लांबीची चूक होऊन बाहेर येते.

इनपुट आणखी तिरकं झालं तर दुप्पट होणंच थांबू शकतं. ३० टक्के ड्यूटीला क्लॉक फक्त ३७.५ नॅनोसेकंद वर राहतं. दोन पल्सच्या मध्ये जेमतेम ५.५ नॅनोसेकंदांची फट उरते. इतकी बारीक फट हे गेट गिळून टाकू शकतं. मग दोन पल्स जोडले जाऊन एकच रुंद पल्स बनतो आणि आउटपुट पुन्हा ८ मेगाहर्ट्झवर येतं.

मीटरला हे का दिसत नाही?

फ्रिक्वेन्सी मीटर एका सेकंदातले पल्स मोजतो. आपल्या लंगड्या क्लॉकमध्येही सेकंदाला १ कोटी ६० लाख पल्स असतातच, त्यामुळे मीटर निर्धास्तपणे १६ मेगाहर्ट्झ दाखवतो. सरासरी ड्यूटीही फसवते. दोन फेऱ्यांच्या १२५ नॅनोसेकंदांत आउटपुट ६४ नॅनोसेकंद वर असतं, म्हणजे पुन्हा तेच ५१.२ टक्के. सरासरीत आखूड आणि लांब पाऊल एकमेकांना झाकून टाकतं.

खरं चित्र ऑसिलोस्कोपवर दिसतं. त्याचा ट्रिगर आउटपुटच्या चढत्या कडेवर लावा. पुढची चढती कड एका जागी न दिसता दोन जागी दिसेल, एक ५० वर आणि एक ७५ वर. त्याच्या पुढची कड मात्र १२५ वर एकच आणि स्वच्छ असेल. अधलीमधली कड दुहेरी आणि त्यानंतरची एकेरी, ही लंगडेपणाची खूण. क्लॉक नुसतंच थरथरत असेल तर कडा पुसट दिसतात, अशा दोन स्पष्ट जागी विभागलेल्या दिसत नाहीत.

चिपला याने काय फरक पडतो?

अर्डुइनो उनो बोर्डामुळे ओळखीची झालेली ATmega328P ही चिप घेऊ. ती जास्तीत जास्त २० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे एका फेरीला किमान ५० नॅनोसेकंद तरी हवेत. आपली आखूड फेरी बरोबर ५० चीच आहे. १६ मेगाहर्ट्झ देतोय या समजुतीत आपण चिपला प्रत्येक दुसऱ्या फेरीत थेट मर्यादेवर पळवत असतो. इनपुट ४० टक्क्यांच्या जरा खाली गेलं की मर्यादा मोडते.

याच चिपच्या माहितीपत्रकात दुसरी, जास्त कडक अट आहे. बाहेरून क्लॉक दिलं तर एका फेरीतून पुढच्या फेरीत फ्रिक्वेन्सी २ टक्क्यांहून जास्त बदलू नये, नाहीतर चिप कशी वागेल याचा भरवसा नाही. आता इनपुटची ड्यूटी ४९ टक्के धरा. दिसायला हे जवळपास परिपूर्ण क्लॉक आहे. पण आउटपुटच्या फेऱ्या ६१.२५ आणि ६३.७५ नॅनोसेकंद होतात. हा फरक सुमारे ४ टक्क्यांचा आहे. म्हणजे ड्यूटीतल्या एका टक्क्याच्या चुकीने ही अट मोडली.

मग उपाय काय?

आउटपुटला पुढे काही जोडून लंगडेपणा जाईल का? दर पल्सला स्थिती बदलणारा फ्लिप-फ्लॉप जोडून बघितलं तर आउटपुट निम्म्या वेगाचं होतं, ५० नॅनोसेकंद वर आणि ७५ खाली. म्हणजे आपण जिथून निघालो तेच ४० टक्क्यांचं ८ मेगाहर्ट्झचं क्लॉक परत मिळालं. इनपुटची चूक डबलरमध्ये विरली नव्हती, फक्त वेगळ्या रूपात बसली होती.

तोच फ्लिप-फ्लॉप डबलरच्या आधी लावला तर इनपुट बरोबर ५० टक्क्यांचं होतं, कारण तो फक्त एकाच प्रकारच्या कडेवर बदलतो. पण तो वेग निम्मा करतो, आणि डबलर तो दुप्पट करून पुन्हा ८ वरच आणतो.

म्हणून नेमकं १६ मेगाहर्ट्झ हवं असेल तर सरळ मार्ग म्हणजे ३२ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर घेऊन फ्लिप-फ्लॉपने त्याचा वेग निम्मा करणं. दुसरा मार्ग पीएलएलचा. क्लॉक वाढवायला वापरतात ते पीएलएल सहसा इनपुटची एकच कड बघतं, त्यामुळे इनपुट वर किती वेळ आणि खाली किती वेळ आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. चिपच्या आत डबलरच वापरायचा असेल, तर आधी इनपुटची सरासरी मोजून त्याची ड्यूटी ५० टक्क्यांवर आणणारं सर्किट जोडतात.

एक्सॉरची ही जोडी टाकाऊ मात्र नाही. सिग्नल बदलला की एक छोटा पल्स हवा, एवढीच गरज असेल, जसं सेन्सरचे बदल मोजताना असते, तर ती उत्तम काम देते. तिथे दोन पल्समधलं अंतर समान असण्याची गरजच नसते. क्लॉकला मात्र प्रत्येक फेरी सारखी लागते, आणि हे सर्किट ते वचन स्वतः देत नाही. ते इनपुटकडून येईल तेवढंच पुढे देतं.