‘आम्ही’ आणि ‘आपण’

नवी सून घरांत येऊन चार-सहा महिने झालेले असतात. होळीच्या दिवशीं पुरणांत जायफळ घालावें कीं वेलदोडा, असा प्रश्न निघतो, आणि ती सहज बोलून जाते, ‘‘आमच्याकडे जायफळच घालतात.’’ सासूबाई उत्तर देत नाहींत. पण तो ‘आमच्याकडे’ त्यांच्या कानांत राहतो. दोन वर्षांनीं पुन्हा पुरण शिजत असतें आणि तीच सून विचारते, ‘‘आपल्याकडे वेलदोडाच घालतात ना?’’ वेलदोड्याचा प्रश्न तेवढाच राहिलेला असतो. घराचा प्रश्न मात्र सुटलेला असतो. पुढें शेजारीण आली असतां सून तिला सांगते, ‘‘आमच्याकडे वेलदोडा घालतात,’’ आणि आंतल्या खोलींतून हें ऐकणाऱ्या सासूबाईंना आतां तोच ‘आमच्याकडे’ गोड लागतो. शब्द पहिलाच आहे. परंतु पूर्वीं तो सासूबाईंना वगळीत होता, आतां शेजारणीला वगळतो.

हीं तिन्ही वाक्यें इंग्रजींत नेलीं तर तिन्ही ठिकाणीं ‘अवर’ हा एकच शब्द येईल आणि सासू-सुनेची सारी कथा पुसली जाईल. मराठींत अनेकवचनी प्रथमपुरुषाच्या दोन पेट्या आहेत. बोलणारा आणि त्याचे सोबती, पण ऐकणारा नव्हे, अशी जी मंडळी ती ‘आम्ही’. बोलणारा आणि ऐकणारा दोघेही जींत आहेत ती मंडळी ‘आपण’. ‘‘उद्यां आम्ही नाटकाला जाणार आहों’’ ही बातमी आहे. ‘‘उद्यां आपण नाटकाला जाणार आहों’’ हें आमंत्रण आहे. इंग्रज मनुष्य दोन्ही प्रसंगीं ‘वुई’ म्हणतो. आपल्याला बोलाविलें आहे कीं नुसतें कळविलें आहे, हें ऐकणाऱ्यानें बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावें.

ही सोय मराठीला वारशानें मिळालेली नाहीं, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. संस्कृतांतील ‘वयम्’ इंग्रजी ‘वुई’सारखाच मुका आहे. संस्कृतांत द्विवचन असल्यामुळें ‘आवाम्’ म्हणजे ‘आम्ही दोघे’ असें सांगतां येतें. पण ते दोघे म्हणजे मी आणि तूं, कीं मी आणि तो, हें ‘आवाम्’ही सांगत नाहीं. प्राकृतांत ‘अम्हे’ आला, त्यापासून आमचा ‘आम्ही’ झाला. ‘आपण’ मात्र मुळांत ‘आम्ही’च्या कुळांतला नव्हेच. तो ‘आत्मन्’पासून, ‘अप्पा’, ‘अप्पाण’ ह्या प्राकृत रूपांच्या वाटेनें आलेला आहे, आणि त्याचा मूळचा अर्थ ‘स्वतः’ इतकाच. ‘तो आपण होऊन आला’, ‘ज्याचें त्यानें आपलें पाहावें’, ह्या वाक्यांत तो जुना अर्थ अद्याप जिवंत आहे. स्वतः ह्या अर्थाचा शब्द हळूहळू ‘मी आणि तूं मिळून जे स्वतः’ असा झाला, आणि ‘आम्ही’कडे उरलेला अर्धा भाग राहिला.

असें कां व्हावें? दक्षिणेकडे पाहिलें म्हणजे एक उत्तर सुचतें. तमिळमध्यें ऐकणाऱ्याला घेणारा ‘नाम्’ आणि वगळणारा ‘नांगळ्’, तेलुगूंत घेणारा ‘मनमु’ आणि वगळणारा ‘मेमु’, असे जोड आहेत. म्हणून मराठीनें शब्द संस्कृताच्या कोठारांतून घेतला, पण सांचा द्राविडी शेजाऱ्यांचा वापरला, असें कित्येक भाषाशास्त्रज्ञ मानतात. गुजरातींतही ‘अमे’ आणि ‘आपणे’ असा तोच भेद आहे, आणि तो मराठीप्रमाणेंच त्याच दोन धातुकुळांतून घडविलेला आहे. मात्र ह्या मताला एक अडचण आहे: मराठीचा अगदीं सख्खा शेजारी जो कानडी, त्याच्या आजच्या बोलींत ‘नावु’ हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. तेव्हां हा सांचा उसना घेतला असेल तर तो फार जुन्या काळीं घेतलेला असावा.

युरोपांतल्या व्याकरणकारांना ह्या भेदाची गांठ प्रथम पडली ती हिंदुस्थानांत नव्हे, तर दक्षिण अमेरिकेंत. दोमिंगो दे सान्तो तोमास ह्या स्पॅनिश धर्मोपदेशकानें १५६० सालीं पेरूंतील केचुआ भाषेचें व्याकरण छापलें, आणि तींत ‘आम्ही’ व ‘आपण’ अशीं दोन सर्वनामें असल्याचें त्यांत नोंदविलें. ही नोंद एका धर्मोपदेशकाकडून व्हावी हें साहजिकच होतें. जो केवळ व्यापार करतो त्याचें मोघम ‘वुई’वर भागतें, ज्याला दुसऱ्याचा ग्रंथ शब्दशः उतरवावयाचा आहे त्याला प्रत्येक ओळींत निवड करावी लागते.

ती निवड किती अवघड असते हें बायबलांतील एका प्रसंगावरून दिसेल. लूकच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत कफर्णहूम गांवीं राहणाऱ्या एका शताधिपतीचा चाकर मरणाला टेकला आहे. हा शताधिपति यहुदी नव्हे. तो यहुद्यांच्या कांहीं वडील मंडळींना येशूकडे रदबदलीस पाठवितो. ते येऊन सांगतात कीं, ह्या मनुष्याचें आमच्या राष्ट्रावर प्रेम आहे आणि सभास्थानही त्यानेंच बांधून दिलें आहे. मूळ ग्रीकांत आणि इंग्रजींत राष्ट्राला व सभास्थानाला लागणारें सर्वनाम एकच. मराठी भाषांतरकारानें येथें काय करावें?

‘आमच्या राष्ट्रावर’ असें लिहिलें, जसें आम्हीं वर मुद्दाम लिहिलें आहे, तर बोलणारे वडील येशूला यहुदी राष्ट्राबाहेर उभा करतात. आणि तो तर जन्मानें त्यांच्यांतलाच. म्हणजे येथें ‘आपल्या’ हवें. परंतु ‘तो आपल्या राष्ट्रावर प्रेम करतो’ असें लिहितांच ‘आपण’चा जुना अर्थ डोकें वर काढतो. वाक्याचा कर्ता ‘तो’ असल्यामुळें ‘आपल्या’ म्हणजे ‘स्वतःच्या’ असा अर्थ वाचकाच्या मनांत प्रथम येतो, आणि त्या परक्या अधिकाऱ्याचें स्वतःच्याच राष्ट्रावर प्रेम आहे, असें निष्पन्न होतें! मग यहुद्यांनीं त्याची शिफारस करावी ती कशासाठीं? एक शब्द येशूला परका करतो, दुसरा शताधिपतीला घरीं पाठवितो. वाट एकच उरते: ‘आपणां यहुदी लोकांवर त्याचें प्रेम आहे’ अशी वाक्याची मोडणी बदलून नाम स्पष्ट घालावें. सभास्थानाचा प्रश्न आणखी निराळा. तें गांवच्या मंडळीसाठीं बांधलेलें. येशूला त्या गांवचा मानला तर ‘आपल्यासाठीं’, पाहुणा मानला तर ‘आमच्यासाठीं’. मूळ ग्रंथ ह्याविषयीं गप्प आहे. मराठीला मात्र गप्प राहतां येत नाहीं.

ह्याच्या उलट, प्रभूच्या प्रार्थनेंत कसलीच शंका नाहीं. तेथें ऐकणारा खुद्द देव आहे. त्याला प्रार्थना करणाऱ्यांच्या रांगेंत बसवितां येत नाहीं. म्हणून मराठी प्रार्थनेंत ‘आमच्या’ हेंच रूप आलें आहे. एकंदरींत कसोटी सोपी आहे: कोण बोलतो, कोण ऐकतो, आणि ऐकणारा त्या मंडळींत मोडतो कीं नाहीं, एवढें विचारावें. उत्तर देतां येत नसेल तेथें इंग्रजी ‘वुई’नें कांहींतरी झांकलें आहे, असें समजावें.

आतां एक उदाहरण आपणां सर्वांच्या जिव्हाळ्याचें. २६ नोव्हेंबर १९४९ रोजीं स्वीकारलेल्या भारतीय संविधानाची उद्देशिका इंग्रजींत ‘वुई’ ह्या शब्दानें सुरू होते. हिंदींत त्याचा ‘हम’ झाला. हिंदीच्या ‘हम’ला दोन्ही अर्थ असल्यामुळें तेथें प्रश्न उठलाच नाहीं. पण ज्या भाषांत भेद आहे त्यांना एक बाजू घ्यावी लागली, आणि त्यांनीं एकच बाजू घेतली नाहीं. मराठींत ‘आम्ही’, गुजरातींत ‘अमे’, तेलुगूंत ‘मेमु’, हीं सारीं ऐकणाऱ्याला वगळणारीं रूपें; तमिळांत मात्र ‘नाम्’, म्हणजे आपला ‘आपण’.

प्रथमदर्शनीं ‘आम्ही’ खटकतो. संविधान लोकांनीं दिलें आणि लोकांनाच दिलें, असें उद्देशिका म्हणते. मग वगळलेला ऐकणारा कोण? शिवाय ह्या देशानें पूर्वीं एक मोठा ‘वुई’ ऐकलेला होता. १८५८ सालच्या १ नोव्हेंबरला व्हिक्टोरिया राणीचा जाहीरनामा वाचला गेला, त्यांतला ‘वुई’ म्हणजे एकटी राणी, आणि ऐकणारी प्रजा सर्वस्वीं त्याच्या बाहेर. तो मराठींत ‘आम्ही’ असाच असूं शकतो. ९१ वर्षांनंतरच्या ‘आम्ही’लाही तोच सिंहासनाचा वास येतो कीं काय, अशी शंका येते. त्यांतच संविधान-सभेचे प्रांतांतले सभासद मर्यादित मताधिकारावर निवडलेल्या विधिमंडळांनीं पाठविलेले होते. तेव्हां तो ‘आम्ही’ त्या थोड्यांचा आणि ऐकणारे आपण बाकीचे कोट्यवधि, असें म्हणावयास जागा राहते.

तरीही आम्हांस ‘आम्ही’चीच बाजू भक्कम वाटते, आणि तिचें कारण ‘आपण’च्या स्वभावांत आहे. ‘आपण’ला समोर बसलेला कोणी तरी लागतो, तो बैठकींतला शब्द आहे. त्याखेरीज ‘आपण’ हा आदरार्थी ‘तुम्ही’ही आहे. वर्तमानकाळीं क्रियापद भेद दाखवितें: ‘आपण देतों’ म्हणजे तूं आणि मी, ‘आपण देतां’ म्हणजे केवळ आपण महाराज. परंतु ‘आपण संविधान दिलें’ असें भूतकाळीं म्हटलें कीं क्रियापद कर्माच्या मागें जातें आणि कोणी दिलें हें कळेनासें होतें. प्रतिज्ञालेखाला ही संदिग्धता परवडत नाहीं. ‘आम्ही’ घेतला म्हणजे ऐकणारा बाहेर जातो हें खरें. पण जेव्हां बोलणारे ‘भारताचे लोक’ सारेच्या सारे आहेत, तेव्हां बाहेर उरतें तें केवळ उर्वरित जग. राणीच्या ‘आम्ही’बाहेर सारी प्रजा होती, ह्या ‘आम्ही’बाहेर एकही नागरिक असूं नये. तमिळचा ‘नाम्’ तीच गोष्ट नागरिकांकडे तोंड करून सांगतो, मराठीचा ‘आम्ही’ जगाकडे तोंड करून. इंग्रजीच्या ‘वुई’नें तोंड कोणीकडे आहे हें सांगितलेंच नव्हतें.

मात्र ह्या ‘आम्ही’ला एक अट आहे, आणि ती सुनेच्या ‘आमच्याकडे’लाही होती. शेजारणीपुढें तो शब्द शोभला, कारण आधीं घरांत ‘आपल्याकडे’ म्हणून झालें होतें. उद्देशिका वाचणाऱ्या ज्या कोणाला त्या ‘आम्ही’त आपण मोजलेले नाहीं असें वाटेल, त्याच्यापुरता तो शब्द अजून पहिल्या वर्षाच्या सुनेचाच आहे.