वाढत्या अंगाचं शिवा, मामा

मागच्या आठवड्यात शाळेच्या आठवणी निघाल्या, त्यात कुणी तरी गुडघ्याखाली लोंबणाऱ्या खाकी चड्डीचा विषय काढला. सगळे हसलो. पण त्या लोंबणाऱ्या चड्डीमागं पक्का हिशेब होता.

आमचं निंबर्गा आळंद तालुक्यात. 1 नोव्हेंबर 1956 ला हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात गेलो, पण बाजारहाट सोलापूर आणि गुलबर्ग्याचाच राहिला. तयार कपडे म्हणजे यात्रेतली चैन. बाकी सगळं वर्षातून एकदा, शाळा सुरू व्हायच्या आधी, शिंपीमामांकडं. बायकांचं तिथलं ठरलेलं वाक्य, “वाढत्या अंगाचं शिवा, मामा.”

म्हणजे नक्की काय? सात वर्षांच्या पोराची हाफ चड्डी घ्या. कापड आधी रात्रभर पाण्यात भिजवून वाळवायचं, कारण त्या काळचं खाकी धुतल्यावर आटायचं. ते न करता शिवलं तर ठेवलेली वाढ पहिल्या धुण्यातच संपायची. मग खालची दुमड एक इंचाऐवजी तीन इंच. कमरेमागच्या मधल्या शिवणीत दोन्ही बाजूंना इंच-इंच दाब, म्हणजे उसवलं की कंबर दीडेक इंच सुटते. दोन इंच लांबीचं जास्तीचं कापड, एवढाच काय तो खर्च.

आता गंमत बघा. चार ते दहा या वयात मूल वर्षाला साधारण दोन-सव्वादोन इंच वाढतं. पण चड्डी कंबर ते गुडघा एवढीच, तिला वर्षाला इंचभरसुद्धा लागत नाही. म्हणजे दुमडीतले दोन इंच दोन वर्षं सहज पुरतात. तरी चड्डी दुसऱ्या वर्षी फाटायचीच, आणि फाटायची आसनात. आसन आणि अंगीचा मुंढा (आमच्याकडं शर्टाला कानडी घरात आणि मराठी घरातही अंगीच म्हणतात) ही दोन ठिकाणं उसवून वाढवता येत नाहीत. तिथला आकार गोलाईत कापलेला असतो. म्हणून चांगला शिंपी लांबीपेक्षा तिथंच सैल ठेवायचा. पोरानं दोन्ही हात पुढं केले आणि पाठीवर आडवी घडी ताणली, की समजायचं अंगी संपली, लांबी कितीही शिल्लक असो. मग ती धाकट्याला.

मुलींच्या परकराला खाली दोन आडव्या टका घालत. दिवाळीला एक उसवायची, पुढच्या वर्षी दुसरी. उसवल्यावर तिथं कापडाचा मूळ रंग गडद पट्ट्यासारखा दिसायचा. तो झाकायला मामा वरून फीत मारून द्यायचे, आणि ती फॅशन आहे असं पोरीला सांगायचे.

खरी मेख आली टेरिकॉटमुळं. सुती खाकी मूल वाढायच्या सुमारास विरायचीच, दोन्ही हिशेब एकत्र मिटायचे. टेरिकॉट काही फाटेना! पोरगं वाढलं तरी कापड नवंच. आणि दुमड उसवली तर इस्त्रीनं बसलेली घडी आणि सुयांची भोकं तशीच दिसायची. पुन्हा बारा-चौदाच्या वयात मुलगा वर्षात तीन-चार इंच वाढतो, तिथं फुल पँटीची तीन इंच दुमडही दोन वर्षं पुरत नाही.

1972 मध्ये चार टक्के व्याजाची डीआरआय योजना आली. मी बँकेत लागल्यावर त्यातून शिलाई यंत्रांसाठी कर्जं दिली. अर्ज बघताना मी शिंप्याला एकच विचारायचो, जूनशिवाय बाकी महिने काम काय? कारण मुलांचे कपडे हे एका हंगामाचं काम, आणि हप्ता दर महिन्याचा. जे वर्षभर उसवण्या-जोडण्याची बारीक कामं घेत, त्यांचे हप्ते वेळेवर येत. त्याच काळात तयार कपडा गावात शिरत होता, आणि त्या बारीक कामावरच त्याचा घाव बसला.

कसा, ते बघायचं तर तयार चड्डी उलटी करून बघा. कारखान्यात कापडाचे थरावर थर रचून एकदम कापतात, कापड हाच मोठा खर्च, म्हणून दाब अगदी जेमतेम. त्यावर ओव्हरलॉक मारलं की उसवायला काही उरतच नाही. वाढ शिवणीत नाही, नंबरात गेली. 24 झालं की 26 आणा. कमरेला इलॅस्टिक असतं, ती तेवढी सांभाळते, पण आसन तेच.

आज सोलापूरचे गणवेश देशभर जातात. माझ्या नातवाचा गणवेश आणला तेव्हा सूनबाई दोन नंबर मोठा घेत होती. मी म्हटलं, एकच मोठा घे. दोन नंबर मोठ्यात खांदा दंडावर उतरतो, पोरगं वर्षभर बाह्या वर ओढत बसतं, आणि अंगात बसेपर्यंत कॉलर विरलेली असते. त्यापेक्षा पँटीची दुमड उलटून बघ. दीड-दोन इंच मिळाली तर ती घे, पाच-पन्नास रुपये जास्त गेले तरी. तिसऱ्या दुकानात तशी मिळाली.

तुमच्या गावात उसवून देणारा शिंपी अजून बसतो का? आमच्याकडं एक आहे. आता बहुतेक साड्यांना फॉल लावतो.