वजनकाट्याच्या पावतीच्या छायाचित्रावरून निव्वळ वजन कसे काढावे?

सुरत जिल्ह्यातील कामरेज तालुका ऊस व साखर कारखान्यासाठी ओळखला जातो. दक्षिण गुजरातच्या या पट्ट्यात ऊसतोडीसाठी धुळे, नंदुरबार येथील मजूर दरवर्षी येतात. त्यांची मजुरी टनावर ठरते. त्यामुळे वजनकाट्याच्या पावतीचे मोबाइलवर काढलेले छायाचित्र हाच अनेकदा त्यांच्याकडील एकमेव पुरावा असतो.

पावतीवर तीन आकडे असतात. 'ग्रॉस' म्हणजे मालासह वाहनाचे वजन, 'टेअर' म्हणजे रिकाम्या वाहनाचे वजन आणि 'नेट' म्हणजे निव्वळ माल. ग्रॉसमधून टेअर वजा केले की नेट मिळते. छायाचित्रात मात्र पुसट छपाईमुळे ३ व ८ यांसारखे अंक सारखेच दिसतात.

उदाहरणार्थ, एका पावतीवर ग्रॉस १३,४५० किलो आहे की १८,४५० हे कळत नाही. टेअर ६,१३० आणि नेट १२,३२० स्पष्ट आहे. अशा वेळी उलट बेरीज करावी. १२,३२० अधिक ६,१३० म्हणजे १८,४५०. म्हणून अंक ८ आहे. तो ३ मानून वजाबाकी केली असती, तर माल ७,३२० किलो भरला असता, म्हणजे तब्बल पाच टनांची मजुरी बुडाली असती. नेटचा आकडाच छायाचित्राबाहेर राहिला असेल, तर अंदाज न करता पावती क्रमांक सांगून काट्यावरून दुसरी प्रत घ्यावी.

आणखी एक कसोटी शेवटच्या अंकाची. काटा १० किलोच्या टप्प्याने मोजत असेल, तर कोणतेही वजन शून्यावरच संपते. तेथे ६,१३६ असे वाचले गेले, तर वाचन चुकले आहे.

मात्र बेरीज जुळली म्हणजे वाचन बरोबर, एवढेच सिद्ध होते; वजन बरोबर झाले असे नव्हे. नेट हा आकडा यंत्र वजाबाकी करूनच छापते. रिकामे वाहन पुन्हा न तोलता जुने टेअर वापरले, तरी हिशेब जुळतोच. वाहन प्रत्यक्षात ५,९३० किलोचे असताना ६,१३० नोंदले गेले, तर २०० किलो ऊस कागदावरून नाहीसा होतो. म्हणून पावतीवर दोन्ही तोलांची वेळ पाहावी. ऊस भरून येतो, तेव्हा ग्रॉस आधी आणि टेअर नंतर असते. दोहोंत उतरवण्यापुरते अंतर हवे. वेळ एकच असेल किंवा टेअरची तारीख जुनी असेल, तर रिकामे वाहन पुन्हा तोलण्याची मागणी करावी. ती वाहन काट्याच्या आवारात असतानाच करणे उपयोगाचे. वाहन निघून गेल्यावर ते वजन पडताळता येत नाही.

छायाचित्र काढताना पावती सपाट ठेवून चारही कोपरे, वाहन क्रमांक व दोन्ही वेळा चौकटीत याव्यात.