एक पान, तीन रेषा : वॉल्टर शूहार्ट यांचा नियंत्रण-आलेख

१/ १६ मे १९२४. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी लक्षावधी टेलिफोन बनवीत होती. तिच्या तपासणी विभागातील तेहतीस वर्षांचे भौतिकशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्ट यांनी त्या दिवशी आपले वरिष्ठ जॉर्ज एडवर्ड्स यांना जेमतेम एका पानाचे टिपण पाठवले. त्यात एक छोटी आकृती होती. औद्योगिक इतिहासातला हा पहिला नियंत्रण-आलेख.

२/ प्रश्न जुनाच होता. एकाच यंत्रावर, एकाच कारागिराने केलेले दोन भाग कधीच तंतोतंत सारखे नसतात. मग फरक दिसला की यंत्र हलवायचे का? प्रत्येक भाग मोजून, जेवढी चूक दिसली तेवढे यंत्र उलट सरकवत गेलो, तर मापांचा विखुरलेपणा कमी होत नाही. उलट सुमारे ४१ टक्क्यांनी वाढतो. कारण आपण निव्वळ योगायोगाचा पाठलाग करीत असतो. आणि काहीच केले नाही, तर झिजलेले हत्यार निमूटपणे माल बिघडवीत राहते.

३/ शूहार्ट यांनी फरकाची कारणे दोन प्रकारांत विभागली. पहिली यादृच्छिक : असंख्य, बारीक, कायम सोबत असणारी. दुसरी शोधून काढता येणारी : झिजलेले हत्यार, बदललेला कच्चा माल, सैल झालेला खिळा. आलेखाचे काम एकच : दुसऱ्या प्रकारचे कारण शोधायला केव्हा उठावे, हे सांगणे.

४/ एक उदाहरण घेऊ. लेथवर २० मिलिमीटर व्यासाच्या पिना तयार होत आहेत. सारे सुरळीत असताना एकेका पिनेचे प्रमाण विचलन ०.०२ मि.मी. आहे. दर तासाला लागोपाठच्या चार पिना उचलायच्या, मोजायच्या आणि त्यांची सरासरी आलेखावर एका बिंदूने मांडायची. चौघींच्या सरासरीत एकीची चूक दुसरीची चूक काही अंशी पुसून टाकते. म्हणून सरासरी कमी हलते. किती कमी? ०.०२ ला ४ च्या वर्गमुळाने, म्हणजे २ ने भागा : ०.०१. हीच सरासरीची प्रमाण त्रुटी.

५/ आता तीन रेषा. मध्यरेषा २०.०० वर. तिच्यापासून तीन प्रमाण त्रुटींवर वरची सीमा २०.०३ आणि खालची १९.९७. यंत्र ठीक असताना बिंदू या सीमांबाहेर पडण्याची शक्यता सुमारे ३७० त एक. म्हणून बिंदू बाहेर गेला, तर ‘योगायोग असेल’ म्हणून सोडून देण्यापेक्षा कारण शोधणे शहाणपणाचे ठरते.

६/ समजा, हत्यार झिजले आणि खरी सरासरी २०.०२ वर सरकली. वरची सीमा आता नव्या सरासरीपासून केवळ एका प्रमाण त्रुटीवर उरली. प्रत्येक बिंदू तिच्याबाहेर जाण्याची शक्यता सुमारे १६ टक्के, म्हणजे सरासरी सहा नमुन्यांत, पंचवीसेक पिनांत, बदल उघड होतो. याउलट एकेक पीन स्वतंत्रपणे मांडली असती, तर तिच्या सीमा १९.९४ आणि २०.०६ आल्या असत्या आणि हाच बदल कळायला सरासरी ४४ पिना लागल्या असत्या.

७/ मर्यादाही पाहा. सरासरी केवळ २०.०१ वर सरकली, तर तीच सीमा ओलांडायला सरासरी ४४ नमुने लागतील. मग सीमा जवळ का आणू नयेत? दोन प्रमाण त्रुटींवर आणल्या, तर यंत्र ठीक असतानाही साधारण बावीस बिंदूंमागे एक खोटी हाक येईल आणि कारागीर आलेखावर विश्वास ठेवणे सोडून देतील. तीन हा आकडा शूहार्ट यांनी याच देवाणघेवाणीतून, व्यवहारात परवडणारा म्हणून निवडला. पुढे वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या १९५६ च्या पुस्तिकेत पूरक नियम आले. उदाहरणार्थ, लागोपाठ आठ बिंदू मध्यरेषेच्या एकाच बाजूस आले, तर सीमा न ओलांडताही तो इशारा मानावा.

८/ दोन चुका हमखास होतात. पहिली : ग्राहकाने सांगितलेली मापाची मर्यादा आलेखावर आखणे. ती एकेका पिनेसाठी असते. आलेखावरचे बिंदू सरासरीचे असतात. दुसरी : विचलन काढताना साऱ्या दिवसाची मापे एकत्र करणे. दिवसभर यंत्र सरकत गेले असेल, तर ते सरकणेही विचलनात मिसळते, सीमा रुंदावतात आणि ज्याला पकडायचे तोच निसटतो. म्हणून विचलन प्रत्येक नमुन्याच्या आतल्या फरकावरून काढावे.

९/ ही सारी मांडणी १९३१ साली शूहार्ट यांच्या ग्रंथात विस्ताराने आली. १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते भारतात आले आणि नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशातील उद्योगांपर्यंत त्यांच्या तीन रेषा पोहोचू लागल्या.