कुलूपबंद आठवणी

पूर्वी माणूस गेल्यावर त्याची ट्रंक उघडली जायची. पत्रे, वह्या, फोटो वारसांच्या हाती यायचे. आता त्यातले बरेचसे फेसबुकच्या खात्यात असते. त्या ट्रंकेची किल्ली कोणाची, या प्रश्नाचा इतिहास फार जुना नाही.

एप्रिल 2007 मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात गोळीबार झाला. मारल्या गेलेल्यांची पाने पुसू नयेत, अशी मागणी त्यांच्या मित्रांनी केली. ऑक्टोबर 2009 मध्ये फेसबुकने ‘स्मृतिखात्या’ची सोय जाहीर केली. अशा खात्यातला मजकूर राहतो, वाढदिवसाच्या सूचना थांबतात, मात्र कोणालाही आत शिरता येत नाही.

याच कुलपाने बर्लिनमधल्या एका आईवडिलांची वाट अडवली. 2012 मध्ये त्यांची पंधरा वर्षांची मुलगी भुयारी रेल्वेखाली गेली. तो अपघात होता की आत्महत्या, हे त्यांना जाणून घ्यायचे होते. आईकडे पासवर्ड होता; पण तोवर कोणीतरी मृत्यूची खबर कळवली होती आणि खाते स्मृतिखाते झाले होते. पासवर्ड निरुपयोगी ठरला.

आईवडील कोर्टात गेले. 2015 मध्ये ते जिंकले, 2017 मध्ये अपिलात हरले. अखेर 12 जुलै 2018 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने सांगितले की, पत्रे आणि रोजनिशी जशी वारसांकडे जाते, तसेच हे खातेही जाते. तरी कंपनीने दिली ती चौदा हजारांहून अधिक पानांची एक फाईल. एवढ्याने भागत नाही, खातेच उघडून दाखवा, असे न्यायालयाला 2020 मध्ये पुन्हा सांगावे लागले. हा निकाल जर्मनीचा. आपल्याकडे तो बंधनकारक नाही.

म्हणून खबर देण्याआधी घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे. स्मृतिखात्यासाठी खात्याचा पत्ता, मृत्यूची तारीख आणि मृत्यूचा पुरावा देतात. खाते कायमचे काढायचे असेल तर मृत्यूचा दाखला हा सरळ मार्ग. तो नसेल तर दोन कागद लागतात. पहिला तुमचा अधिकार दाखवणारा: मृत्युपत्र, मुखत्यारपत्र किंवा मृताचा जन्मदाखला. दुसरा मृत्यू सिद्ध करणारा, जसे वर्तमानपत्रातली निधनवार्ता.

घोडे अडते ते नावापाशी. समजा, दाखल्यावर ‘महादेव’ आणि खात्यावर ‘बबलू’ आहे. मग हा माणूस तोच, हे कंपनीला कसे कळावे? अशा वेळी जन्मतारीख जुळणारा कागद जोडावा. दाखल्यावरचा इतर खासगी तपशील झाकून पाठवता येतो.

2015 पासून फेसबुकने हयातीतच आपला स्मृतिवारस नेमण्याची सोय आणली. तो फोटो बदलू शकतो, खाते काढण्याची विनंती करू शकतो. खासगी निरोप मात्र वाचू शकत नाही. ट्रंक कोणी उघडावी आणि कोणी उघडू नये, हे सांगायला मालक हयात असतो, तेव्हाच हे काम सोपे असते.