संचालकाची अपात्रता

संचालकाची अपात्रता : कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १६४ नुसार एखाद्या व्यक्तीची संचालक होण्याची किंवा राहण्याची पात्रता जाणे. कारणे दोन जातीची आहेत.

पहिली कारणे माणसाच्या स्वतःच्या वागण्यातून किंवा स्थितीतून येतात. दिवाळखोरी, गुन्ह्यात सहा महिने वा अधिक कैद (शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत), घेतलेल्या शेअरची मागणी झालेली रक्कम सहा महिने न भरणे ही त्यातली काही. सात वर्षे वा अधिक शिक्षा झालेल्याला संचालकपद कायमचे बंद होते.

दुसरे कारण कंपनीच्या चुकीचे आहे. कंपनीने सलग तीन आर्थिक वर्षे हिशेबपत्रके किंवा वार्षिक विवरणपत्र दाखल केले नाही, अथवा ठेवी परत करणे वर्षभर थकवले, तर तिचे संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतात. २०००च्या दुरुस्तीने १९५६च्या कायद्यात अशीच तरतूद आली, पण ती सार्वजनिक कंपन्यांपुरती होती. तिची वैधता स्नोसेम इंडिया खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने उचलून धरली. २०१४पासून खासगी कंपन्याही कक्षेत आल्या आणि २०१७मध्ये केंद्राने तीन लाखांहून अधिक संचालक एका फटक्यात अपात्र ठरवले.

समजा, परभणी जिल्ह्यातल्या चुडाव्याचा एक व्यापारी तीन खासगी कंपन्यांवर संचालक आहे : एक जिनिंगची, एक खतांची, एक वाहतुकीची. जिनिंग कंपनीने २०२१-२२ आणि २०२२-२३ची हिशेबपत्रके भरलीच नाहीत. २०२३-२४ची वार्षिक सभा ३० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. त्यानंतर ३० दिवसांत पत्रके दाखल व्हायला हवी होती. तीही मुदत हुकली आणि व्यापारी अपात्र झाला. खत व वाहतूक कंपन्यांचा कारभार चोख असूनही तिथली त्याची पदे कलम १६७ नुसार रिक्त होतात. जिनिंग कंपनीत मात्र तो मुदत संपेपर्यंत राहतो. फेरनेमणूक मिळत नाही.

हे उलटे वाटते, पण कारण व्यवहाराचे आहे. सगळेच संचालक गेले, तर थकलेली पत्रके सही करून भरणार कोण? २०१८मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने हे स्पष्ट केले आणि अशा कंपनीत नव्याने येणाऱ्या संचालकाला सहा महिन्यांची सवड दिली. ही दुरुस्ती मागील काळाला लागू नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१९मध्ये मुकुट पाठक खटल्यात म्हटले.

शेतकरी उत्पादक कंपनीला मात्र कलम ३७८-क्यू लागते. तीन वर्षे पत्रके न भरल्यास त्याच कंपनीतले संचालकपद रिकामे होते. संचालकाने तिच्याकडून घेतलेले कर्ज थकवले, तरीही पद जाते.

पद गेल्याचे माहीत असूनही संचालक म्हणून काम करत राहिल्यास एक ते पाच लाख रुपये दंड होतो. नेमणुकीआधी संचालकाकडून डीआयआर-८ नमुन्यात अपात्र नसल्याचे लेखी घेतले जाते.