मांडव ऑलिंपिकचा आणि कर्ज मॉन्ट्रिअलचे

श्रोतेहो, 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी आपल्याकडे एक म्हण आहे. अनुभवी माणसांनी ती केली, हे उघडच आहे. घराचा खर्च मनात धरलेल्या आकड्यावर थांबत नाही आणि लग्नाचाही थांबत नाही. आता कल्पना करा, की एखाद्याने लग्नाचा मुहूर्त आधी धरला, निमंत्रणे सगळ्या जगाला धाडली, आणि मग त्याच लग्नासाठी नवे घर बांधायला काढले. मुहूर्त तर हलत नाही, आणि भिंती अजून जोत्यावर आहेत! अशा यजमानाची जी गत होईल तीच गत कॅनडा देशातल्या मॉन्ट्रिअल या शहराची १९७६ साली झाली. ऑलिंपिक सामन्यांचे यजमानपद कसे मिळते आणि ते एवढे महाग का पडते, हे त्या एका शहराच्या हकिकतीवरून चांगले समजते. म्हणून आज तीच सांगतो.

पुष्कळांची अशी समजूत असते, की ऑलिंपिक देशाला मिळते. तसे नाही. ते शहराच्या नावे मिळते, आणि देणारी संस्था म्हणजे आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती. हिचे सभासद निरनिराळ्या देशांतले असतात, पण ते आपापल्या सरकारचे प्रतिनिधी नसतात. इच्छुक शहरे या समितीपुढे अर्ज करीत. आपण कुठे सामने भरवू, खेळाडूंना कुठे उतरवू, पैसा कुठून आणू, हे त्या अर्जात मांडलेले असे. मग सभासद गुप्त मतदान करीत. कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर सर्वांत कमी मते मिळालेले शहर गाळायचे आणि पुन्हा मते घ्यायची, असा शिरस्ता होता.

१२ मे १९७० रोजी अ‍ॅम्स्टरडॅम येथे असे मतदान झाले. रिंगणात तीन शहरे होती: मॉस्को, लॉस एंजेलिस आणि मॉन्ट्रिअल. पहिल्या फेरीत मॉस्कोला २८, मॉन्ट्रिअलला २५ आणि लॉस एंजेलिसला १७ मते पडली. म्हणजे आघाडीवर होते मॉस्को. पण लॉस एंजेलिस गळाले आणि दुसऱ्या फेरीत मॉस्को २८ मतांवरच राहिले. मॉन्ट्रिअलला मात्र ४१ मते पडली. एक मतपत्रिका कोरी निघाली. अमेरिका आणि रशिया यांच्यातल्या शीतयुद्धाचे ते दिवस. दोन बलाढ्यांच्या भांडणात तिसऱ्याचे फावले, असे म्हणायला हरकत नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मत देणारे सभासद निराळे आणि बिल भरणारे नागरिक निराळे. मत देणाऱ्याला खर्चाची झळ लागत नाही. त्याला चांगला, देखणा समारंभ हवा असतो. अर्ज करणाऱ्याला निवडून यायचे असते. तेव्हा त्याने आकडा कमी सांगणे आणि स्वप्न मोठे दाखवणे, हे ओघानेच आले. खोटे बोलण्याचा हेतू असतोच असे नाही. पण अडचणी मोजून दाखवणारा उमेदवार कोणाला आवडतो?

मॉन्ट्रिअलचे महापौर झाँ द्रापो हे मोठे हिकमती गृहस्थ. १९६७ साली त्यांच्या शहरात जागतिक प्रदर्शन भरले होते आणि ते फार गाजले होते. त्यामुळे लोकांचा त्यांच्या शब्दावर विश्वास होता. ऑलिंपिक साधेपणाने करू, करदात्यावर भार पडणार नाही, असे ते सांगत. प्रथम बोलणे १२ कोटी डॉलरचे होते. १९७२ साली अंदाजपत्रक पुढे आले ते ३१ कोटी डॉलरचे. हा पैसा स्मारक नाण्यांतून, टपाल तिकिटांतून आणि लॉटरीतून उभा राहील, असा हिशेब होता. पुरुषाला जसे मूल होऊ शकत नाही तशी ऑलिंपिकला तूट येऊ शकत नाही, अशा अर्थाचे त्यांचे १९७३ सालचे बोलणे पुढे सगळ्या जगात प्रसिद्ध झाले. ओटावाचे केंद्र सरकार मात्र सावध होते. नाण्यांना आणि लॉटरीला परवानगी देताना त्याने एक अट घातली: तूट आली तर आमच्याकडे यायचे नाही. म्हणजे धोका उरला तो शहराच्या आणि क्वेबेक प्रांताच्या माथी.

मग घर बांधायला निघाले. द्रापोंनी रॉजे तायिबेर या फ्रेंच वास्तुशिल्पज्ञाला बोलावले. चार जणांकडून नकाशे मागवावेत, त्यांची स्पर्धा लावावी, असे काही केले नाही. तायिबेरांचे चित्र अप्रतिम होते, यात शंका नाही. लंबगोल क्रीडागार, आत एकही खांब नाही, आणि शेजारी एका बाजूला कललेला १६५ मीटर उंचीचा मनोरा. त्या मनोऱ्यावरून तारा सोडायच्या आणि छत्री उघडावी-मिटावी तसे कापडी छप्पर त्या तारांनी वर ओढून घ्यायचे! असे काम तोवर कोणी केले नव्हते. आणि जे पूर्वी कोणी केलेले नाही, त्याचा अंदाज कोण बरोबर देणार? गावातल्या गवंड्याला नेहमीचे माळवदाचे घर सांगा, तो बसल्या जागी खर्च सांगेल. त्याला कललेला मनोरा सांगा, म्हणजे तो डोके खाजवील.

प्रत्यक्ष काम १९७३ च्या वसंत ऋतूत सुरू झाले. निवड होऊन तीन वर्षे उलटली होती आणि हातात जेमतेम तीन वर्षे उरली होती. त्याच वर्षाच्या अखेरीस जगात खनिज तेलाचे भाव भडकले आणि त्यामागोमाग पोलाद, सिमेंट, मजुरी सगळेच महागले. क्रीडागाराच्या कमानी काँक्रीटच्या प्रचंड ओतीव तुकड्यांच्या होत्या. ते तुकडे दुसरीकडे घडवून आणायचे, याऱ्यांनी उचलायचे आणि पोलादी तारांनी एकमेकांना ताणून बांधायचे. अनेक कमानींची वळणे निरनिराळी, म्हणून एका साच्यात सगळे उरकत नव्हते. त्यातच संप झाले. १९७४ च्या डिसेंबरपासून पुढच्या सुमारे दीड वर्षात कामाचे दीडशेच्या आसपास दिवस संपात बुडाले.

आता पाहा, साधे बांधकाम असते तर मालक म्हणाला असता, 'थांबा, भाव उतरू द्या, सहा महिन्यांनी पाहू.' इथे तसे म्हणता येत नव्हते. १७ जुलै १९७६ ही उद्घाटनाची तारीख ठरलेली. मुहूर्त हलत नाही हे कंत्राटदाराला ठाऊक, कामगारांच्या पुढाऱ्यांना ठाऊक, माल पुरवणाऱ्यालाही ठाऊक. अशा गिऱ्हाईकाला भावात घासाघीस करता येत नाही. वेळ कमी पडला की त्याची भरपाई पैशानेच करावी लागते. रात्रपाळी लावा, जादा मजुरी द्या, आणखी याऱ्या आणा. याऱ्या इतक्या झाल्या, की एकीला दुसरीची अडचण होऊ लागली. अखेर नोव्हेंबर १९७५ मध्ये प्रांतिक सरकारने महापौरांच्या हातून काम काढून घेतले आणि स्वतंत्र मंडळाकडे सोपवले. त्या मंडळाने छप्पर सोडून दिले, मनोरा अर्धवट ठेवला आणि मैदान कसेबसे वेळेवर उभे केले.

सामने झाले, आणि चांगले झाले. नादिया कोमानेचीला जिम्नॅस्टिक्समध्ये दहापैकी दहा गुण मिळाले ते इथेच. आपल्या हॉकी संघाला कृत्रिम हिरवळीवर खेळावे लागून सातव्या क्रमांकावर परतावे लागले, तेही इथेच. १ ऑगस्टला समारोप झाला, पाहुणे गेले, आणि यजमानापुढे वही उघडली. सुमारे १०० कोटी डॉलरचे देणे निघाले! लॉटरी वाईट चालली होती असे नव्हे, पण खर्चच इतका धावला होता, की ती त्याला पुरी पडेना. मग प्रांताने तंबाखूवर खास कर बसवला आणि शहराने घरपट्टीत वाढ केली. हे देणे फिटले २००६ साली. म्हणजे सामने चालले पंधरा-सोळा दिवस, आणि हप्ते तीस वर्षे. व्याज धरून एकंदर खर्च १६० कोटी डॉलरच्या घरात गेला. १९७६ साली शाळेत असलेल्या मुलाने चाळिशी उलटेपर्यंत सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे त्या सामन्यांची वर्गणी भरली.

आणि छपराचे काय झाले? मनोरा पुरा होऊन छप्पर चढले ते १९८७ साली. ते वारंवार फाटे. १९९८ मध्ये दुसरे, कायमचे बसवले; त्याचा एक भाग जानेवारी १९९९ मध्ये बर्फाच्या भाराने कोसळला. २०२४ मध्ये प्रांतिक सरकारने तिसऱ्या छपराचे काम जाहीर केले, त्याचा अंदाज आहे ८७ कोटी डॉलर. सरकारने नेमलेल्या न्यायमूर्ती मालूफ यांच्या आयोगाने १९८० सालच्या अहवालात महापौरांवर मोठा ठपका ठेवला होता.

कोणी म्हणेल, हा एका माणसाच्या हट्टाचा दोष. तेवढेच असते तर बरे झाले असते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १९६० पासूनच्या ज्या ज्या ऑलिंपिकचे हिशेब मिळाले ते तपासले. त्यांत एकही अंदाजात बसलेले नव्हते. महागाई वजा करूनही सरासरीने शंभराचे अडीचशेच्या वर झाले होते. मॉन्ट्रिअलचे तर शंभराचे आठशे वीस. आणि यात रस्ते, विमानतळ यांचा खर्च धरलेलाच नाही. माणसे बदलली, देश बदलले, तरी गोष्ट तीच घडते, याचा अर्थ दोष रचनेत आहे. तारीख हलत नाही, तूट भरण्याची हमी आधीच लिहून दिलेली असते, आणि प्रत्येक शहर हे काम बहुधा पहिल्यांदाच करीत असते.

मॉन्ट्रिअलचा धडा घेतला तो लॉस एंजेलिसने. १९८४ च्या सामन्यांसाठी अखेरपर्यंत टिकलेला उमेदवार तो एकटाच होता. बाकीची शहरे धसकली होती. एकुलत्या एका वराला अटी घालता येतात! शहराच्या तिजोरीतून तुटीचा पैसा देणार नाही, असे तिथल्या नागरिकांनी मतदानाने ठरवले आणि समितीला ते मानावे लागले. मैदान वापरले ते १९३२ च्या ऑलिंपिकचे. नवीन बांधकाम थोडे, आणि त्यातला पोहण्याचा तलाव नि सायकलींचा मार्ग व्यापारी कंपन्यांच्या पैशाने झाला. शिल्लक राहिली २३ कोटी डॉलरहून अधिक.

पुढे शहरे पुन्हा एकमेकांवर चढ करू लागली आणि पुन्हा दमली. २०२४ च्या वेळी हॅम्बुर्ग, रोम आणि बुडापेस्ट यांनी माघार घेतली. तेव्हा उरलेल्या दोघांना, पॅरिसला २०२४ चे आणि लॉस एंजेलिसला २०२८ चे, असे समितीने २०१७ मध्ये एकदमच देऊन टाकले. २०१९ पासून पद्धतच बदलली. आता एक आयोग इच्छुकांशी आधी बोलणी करतो, असलेली मैदाने वापरा म्हणून सांगतो, आणि पसंत पडलेले नाव मतदानाला ठेवतो. ब्रिस्बेन शहराला २०३२ चे सामने २०२१ मध्ये असेच मिळाले. हो की नाही एवढेच विचारले गेले; ७२ मते होकाराची आणि ५ नकाराची पडली.

हा विषय आता आपल्या दारापर्यंत आला आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये या समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. तिथे २०३६ चे ऑलिंपिक भारतात भरवण्याची इच्छा पंतप्रधानांनी बोलून दाखवली आणि वर्षभराने तसे पत्रही गेले. ते मिळावे की न मिळावे, याबद्दल मते निरनिराळी असतील. पण उद्या जेव्हा अंदाजपत्रकाचा आकडा वर्तमानपत्रात छापून येईल, तेव्हा आपल्या शिक्षकांनी मुलांकडून एवढे तीन प्रश्न काढून घ्यावेत. यातले किती आधीच बांधलेले आहे आणि किती नव्याने बांधायचे आहे? नव्यापैकी किती असे आहे, की जे पूर्वी कोणीतरी बांधून पाहिले आहे? आणि तूट आली तर भरण्याच्या कागदावर सही कोणाची आहे? मॉन्ट्रिअलच्या लोकांनी हे तीन प्रश्न विचारले, पण पाहुणे घरी गेल्यावर.